वण

1974 सालच्या जानेवारीत यवतमाळच्या एका स्टुडिओत काढलेला माझा कृष्णधवल फोटो आणि या आठवड्यात नातीने आमच्या अंगणात मोबाईलवर काढलेला फोटो, असे दोन्ही फोटो मी आज सकाळपासून शेजारी शेजारी ठेवून पाहत आहे. नागपूरच्या नातवाने नवे घर घेतले असून त्याला बैठकीच्या खोलीत आजोबांचे तरुणपणचे आणि आजचे रूप एकाच चौकटीत लावायचे आहे. आजचा कोणता फोटो पाठवायचा, हे ठरवण्याचे काम त्याने माझ्यावर सोपवले आहे.

जुन्या फोटोत मी 23 वर्षांचा आहे. त्या वर्षी आमचा कापूस विकून हातात थोडे पैसे आले होते आणि वडिलांनी माझ्या सोयरिकीचे मनावर घेतले होते. मुलीकडच्यांना फोटो पाठवावा लागेल, म्हणून मी दारव्ह्याहून शकुंतलेत बसून यवतमाळला गेलो. वाफेच्या इंजिनाची ती अरुंद रुळांची गाडी इतकी सावकाश जाई की धुतलेला सदरा धुराने काळवंडण्यास पुरेसा वेळ मिळत असे. स्टुडिओवाल्याने ते पाहून भिंतीवरचा कोट काढून मला घातला. तो कोट खांद्यांत सैल होता, पण फोटोत ते जाणवत नाही, कारण तेव्हा माझे खांदे ताठ होते. आजच्या फोटोत उजवा खांदा डाव्यापेक्षा स्पष्टपणे खाली आहे. फवारणीचा पंप कित्येक वर्षे पाठीवर वाहिला आणि पऱ्हाटीतून वेचलेल्या कापसाची गाठोडी त्याच खांद्यावर घेऊन बैलगाडीपर्यंत नेली, तेव्हा तो खाली यायचाच होता.

केसांबद्दल फारसे लिहिण्यासारखे नाही. ते होते, आता नाहीत.

चेहऱ्याचे मात्र तसे नाही. वयाबरोबर माणूस सगळीकडून लहान होत जातो असे मला वाटत असे, पण दोन्ही फोटो नीट पाहिले तर माझे कान लांबले आहेत आणि नाकाचे टोक खाली उतरले आहे. पूर्वी वरच्या ओठापासून बराच दूर असलेली हनुवटी आता वर आणि पुढे आली आहे, कारण मधले दात गेले. त्यातले काही वयाने गेले आणि बरेचसे तंबाखू-चुन्याने. जुन्या फोटोत डोळ्यांची बुबुळे काळीभोर आहेत, आज त्यांच्या कडेने फिकट राखाडी कडे आले आहे. पापण्या जड होऊन खाली आल्याने मी नेहमी उन्हाकडे पाहत असल्यासारखा दिसतो. कपाळावर टोपीची कड जिथे बसते तिथे रंगाची एक सरळ रेघ आहे. तिच्या वरची कातडी गोरी आणि खालची उन्हाने काळी आहे. ही रेघ मला आवडते. ती शेताने आखलेली आहे.

तरीही दोन्ही चेहऱ्यांतला सगळ्यात मोठा फरक वयामुळे पडलेला नाही. लहानपणी मला देवी आल्या होत्या. गावातली माझ्या बरोबरीची काही मुले त्या साथीत गेली, मी वाचलो आणि चेहऱ्यावर वण राहिले. डाव्या डोळ्याखालचे तीन वण एका ओळीत आणि चांगलेच खोल आहेत. 1974 च्या फोटोत यातला एकही वण दिसत नाही. फोटो सोयरिकीसाठी आहे, हे कळल्यावर स्टुडिओवाल्याने आपणहून निगेटिव्हवर बारीक टोकाच्या पेन्सिलीने काम केले होते. वणाच्या सावलीची जागा निगेटिव्हवर विरळ उतरते, ती शिशाने भरली की कागदावर तिथे सावली येत नाही आणि कातडी सपाट दिसते. त्या माणसाचा हात इतका सफाईदार होता की आज भिंग लावूनही खूण सापडत नाही. फोटो आणायला मी गेलो तेव्हा त्याने तो मोठ्या अभिमानाने माझ्यापुढे ठेवला आणि वडिलांनी तसाच दिग्रसकडे पाठवून दिला.

पुढे मुलगी पाहायला गेलो, सोयरीक जुळली, लग्न झाले. त्यानंतर बऱ्याच दिवसांनी तिने मला सांगितले, "तुमी आले तवा मी दाराआडून पाह्यलं. मले वाटलं, फोटोतल्या पोराचा मोठा भाऊ आला." मी विचारले, मग नकार काऊन नाही दिला? त्यावर ती म्हणाली, "मोठा भाऊ मले बरा वाटला."

तो फोटो तिने भिंतीवर कधी लावू दिला नाही. माझ्या आईने एकदा खिळा ठोकला, तर "हा मानूस माह्या घरात राह्यत नाई," असे म्हणून हिने तो उतरवून लुगड्यांच्या पेटीत तळाशी ठेवला. घरातले बाकीचे फोटो चुलीच्या धुराने आणि पावसाळ्याच्या ओलीने पिवळे पडले, हा मात्र पेटीत राहिल्यामुळे काल काढल्यासारखा आहे. वणांविषयी ती वेगळे कधी काही बोलली नाही. पण मुले लहान असताना त्यांना मोजायला शिकवायचे झाले, की त्यांचे बोट माझ्या डाव्या गालावर टेकवून ती "एक, दोन, तीन" म्हणत असे. आमची तिन्ही लेकरे पहिले तीन आकडे माझ्या तोंडावर शिकली. ती जाऊन आता काही वर्षे झाली.

म्हणूनच परवा नातीने अंगणात काढलेला पहिला फोटो मला खटकला. मागे तुराट्यांचा ढीग होता, सोयाबीनची पोती होती, अंगावर माझा नेहमीचा दुपट्टा होता, पण चेहरा गुळगुळीत होता. सुरकुत्या अर्ध्या पुसलेल्या होत्या आणि वण मुळीच नव्हते. मी विचारले तेव्हा ती म्हणाली, "आबाजी, फोन आपल्याच मनानं करते तसं. चांगले दिसता तुमी."

"बंद होते का ते?"

"होते. पन मंग सारं दिसन."

"दिसू दे."

तिने ते बंद केले. मग मी तिला उन्हाची दिशा बदलायला लावली, कारण समोरून पडलेल्या उजेडात खड्डे भरून निघतात आणि सकाळचे तिरपे ऊन गालावर पडले तरच त्यांची सावली दिसते. आम्ही दुसऱ्या दिवशी उन्हे कौलांवरून उतरल्याबरोबर गोठ्याच्या बाजूला उभे राहिलो. हा फोटो खरा आला. त्यात गाल ओघळला आहे, डोळ्याखाली पिशवी आली आहे, खांदा पडला आहे आणि वण आहेत. नातीने बोटांनी चित्र मोठे करून पाहिले आणि म्हणाली, "आजी तीन म्हने, इथं तं दोनच हायत."

मी फोन हातात घेऊन पाहिले. तिचे बरोबर होते. कातडी सैल होऊन जी मोठी घडी पडली आहे, तिसरा वण तिच्यात गेला आहे. मी तिचे बोट धरून घडी वर ओढून दाखवली, तेव्हा तिला तो सापडला.

नागपूरला हाच फोटो पाठवायचा असे मी सांगितले. चौकटीत दोन्ही फोटो लागणार आहेत, त्याला माझी हरकत नाही. फक्त नातवाने जुन्या फोटोखाली माझे नाव आणि 1974 एवढेच लिहून थांबू नये. चेहऱ्यावरचे देवीचे वण स्टुडिओत पुसले होते, हेही त्याने तिथे लिहावे, असा निरोप नातीने माझ्यासमोर टाइप करून पाठवला आहे.