आठवी इतिहास, १८५७ चा धडा: पायरीपायरीने प्रश्न

मॅडम, सोमवारी आठवी ब वर तुमचा तास आहे म्हणून प्रश्न आजच काढून पाठवतेय. गेल्या वर्षी मी 'उठावाची कारणे लिहा' विचारलं तर पस्तीस वह्यांत एकच उत्तर, तेही गाईडमधलं, शब्द न शब्द सारखं, तेव्हाच ठरवलं की प्रश्नच असा हवा ज्याचं उत्तर गाईडमध्ये सापडणारच नाही. खालचे सगळे प्रश्न शक्यतो साताऱ्यापासून सुरू केलेत, पोरं इथली आहेत ना.

आठवणं आणि समजणं, यावर दहा मिनिटं पुरे, तोंडीच घ्या. सातारचं राज्य कंपनीने कोणत्या साली खालसा केलं? (१८४८.) मेरठमध्ये उठाव कधी सुरू झाला? (१० मे १८५७.) मग लगेच: 'दत्तक वारस नामंजूर म्हणजे काय, हे तुझ्या आजीला कळेल असं सांग.' इथे बरीच पोरं अडकतात, पाठ असतं पण सांगता येत नाही, तिथे थांबून फळ्यावर घ्या.

वापरणं: डलहौसीने हाच नियम सातारा, झाशी, नागपूरला लावला, पण अवध १८५६ मध्ये वेगळंच कारण सांगून घेतलं. 'अवधला दत्तकाचा नियम का लावता आला नसता? तिथे काय कारण दिलं?' नवाब वाजिद अली शाह जिवंत होता आणि गादीवर होता, एवढं लक्षात आलं की पोरं स्वतःच पुढचं बोलतात, कारभार वाईट म्हणून घेतलं.

विश्लेषण, यालाच जास्त वेळ द्या, अख्खा एक तास गेला तरी चालेल.

प्रश्न एक: मेरठच्या घोडदळातल्या ८५ शिपायांनी काडतुसं घ्यायला नकार दिला, ९ मेला सगळ्या पलटणींसमोर त्यांना बेड्या घातल्या, दुसऱ्या दिवशी भडका. 'यात निमित्त कोणतं आणि कारण कोणतं? काडतुसं आलीच नसती तर शिपाई शांत राहिले असते का? दोन पुरावे देऊन सांग.' नुसतं हो किंवा नाही लिहिलं तर मार्क नाहीत, हे आधीच सांगा.

प्रश्न दोन, हा माझा सगळ्यात आवडता: १ नोव्हेंबर १८५८ चा राणीचा जाहीरनामा घ्यायचा. धर्मात ढवळाढवळ नाही, संस्थानिकांशी केलेले करार पाळू, आणखी मुलूख घेणार नाही, ही वचनं फळ्याच्या डावीकडे लिहायची आणि उजवीकडे उठावातल्या तक्रारी. 'कोणत्या तक्रारीला उत्तर मिळालं ते रेघ ओढून जोड. कोणाची तक्रार तशीच उरली? का उरली असेल?' शेतसाऱ्याने पिचलेला शेतकरी एकटा उरतो की नाही बघा, आणि ते पोरांना स्वतः दिसू दे, तुम्ही सांगू नका प्लीज.

मूल्यमापन: झाशीच्या वेढ्यात वरसईचे विष्णुभट गोडसे प्रत्यक्ष शहरात होते, दक्षिणा मिळेल म्हणून उत्तरेत गेलेले, आणि आठवणी लिहिल्या खूप वर्षांनी. 'त्यांच्या कोणत्या गोष्टीवर तू डोळे मिटून विश्वास ठेवशील आणि कोणती दुसरीकडे पडताळून बघशील? वेढा घालणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्याने तेच दिवस लिहिले तर काय वेगळं दिसेल?' साधन डोळ्यांनी बघितलेलं आहे म्हणून खरंच असतं असं पोरांना वाटतं, ते इथे हलायला हवं.

आणि दुसरा: कोणी याला शिपायांचं बंड म्हटलं, सावरकरांनी १९०९ मध्ये स्वातंत्र्यसमर म्हटलं. 'तू कोणतं नाव देशील?' अट अशी की आपल्या बाजूचा एक पुरावा आणि आपल्याविरुद्ध जाणारा एक, दोन्ही लिहायचे. कोल्हापुरात ३१ जुलै १८५७ ला पलटण उठली हे एका बाजूला, मद्रासचं सैन्य जवळपास पूर्ण शांत राहिलं हे दुसऱ्या बाजूला, असे तुकडे तयार ठेवा म्हणजे वर्गात नुसती आरडाओरड होणार नाही. मार्क बाजूला नाही, पुराव्याला द्यायचे, चारपैकी तीन तरी.

निर्मिती, हा घरी करून आणायला: रंगो बापूजी सातारच्या गादीची बाजू मांडायला लंडनला वर्षानुवर्षं राहिले, अर्ज केले, हात हलवत परत आले. १८५७ मध्ये साताऱ्यात कट उघड झाला आणि गेंडामाळावर लोकांना मृत्युदंड दिला गेला. 'गेंडामाळावर लावायला साठ शब्दांचा फलक लिही. अर्जापासून कटापर्यंत माणूस का गेला हे वाचणाऱ्याला कळलं पाहिजे. खाली तीन ओळींत सांग की साठ शब्दांत बसवताना काय गाळलंस आणि तेच का गाळलंस.'