हृदय: नकाशा, आकृती आणि पुन्हा काढायचे वार

बारावीच्या मुलांनो, हे पान वहीच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवा.

नकाशा: कागद आडवा धरा, मधोमध 'हृदय'. फांद्या चार: कप्पे, झडपा, वाहिन्या, ठोका. ठोक्याच्या फांदीवर क्रमाने एसए नोड, एव्ही नोड, हिजचा जुडगा, पुरकिंजे तंतू.

आकृती: नावं रक्ताच्या वाटेनेच द्या. महाशिरा, उजवं अलिंद, त्रिदल झडप, उजवं निलय, फुप्फुस धमनी. फुप्फुसांतून परत फुप्फुस शिरा, डावं अलिंद, द्विदल झडप, डावं निलय, महाधमनी. हृदयाची डावी बाजू कागदावर उजवीकडे येते, इथे दरवर्षी निम्मा वर्ग फसतो. डाव्या निलयाची भिंत जाड काढा, कारण रक्त सगळ्या शरीरात तिथूनच ढकललं जातं. फुप्फुस धमनी निळी रंगवा, नाव धमनी असलं तरी. नावांच्या रेषा पट्टीने, एकमेकींना न छेदता.

सोमवारी रात्री बघून काढा. मंगळवारी, गुरुवारी आणि पुढच्या सोमवारी वही मिटून, कोऱ्या कागदावर, 10 मिनिटांत. मग तीन आठवड्यांनी एकदा. आठवलं नाही तर जागा रिकामी सोडा, नंतर लाल पेनाने भरा. दुसऱ्या दिवशी आधी लाल जागाच काढा.

दादर-ठाणे लोकलमध्ये वही उघडायला जागा मिळत नाही. तेव्हा डोळे मिटून महाशिरेपासून महाधमनीपर्यंत मनात म्हणत या.