मुदत कर्जाच्या हप्त्यांची फेरआखणी करून मिळण्याबाबत

दि. २२ मे २०२५

प्रति,
मा. शाखा व्यवस्थापक,
मुख्य शाखा, इचलकरंजी

महोदय,

मी २४ साध्या मागांचा खर्चीवाला आहे. २०२३ साली आपल्या शाखेतून १२ लाखांचे मुदत कर्ज घेतले. व्याज १२ टक्के, मुदत ६० महिने, हप्ता २६,६९३ रुपये. १० एप्रिल २०२३ पासून १० मे २०२५ पर्यंत २६ हप्ते भरले, एकही चुकलेला नाही. मात्र शेवटचे दोन पत्नीचे गंठण सोनेतारण ठेवून भरले आहेत. १० जूनचा हप्ता धंद्यातून निघणार नाही, म्हणून खाते थकण्याआधीच लिहीत आहे.

फेब्रुवारीत ज्या व्यापाऱ्याची बिमे माझ्या दहा मागांवर चालत होती, त्याने काम थांबवले. त्याच्याकडे मजुरीचे १,१२,००० रुपये अडकले आहेत. उद्यम नोंदणी असल्याने ४५ दिवसांच्या नियमाखाली तक्रार करता येते, हे मला ठाऊक आहे. अजून केलेली नाही. याच गावात उद्या त्याच्याच ओळखीतल्यांकडे बीम मागायला जायचे असते. राहिलेल्या कामाची मजुरीही ८ पैसे पिकावरून ७ पैशांवर आली. ५२ पिकाच्या कापडाला मीटरमागे ४.१६ रुपये मिळायचे, ते ३.६४ झाले.

माझ्या वहीतले महिन्याचे सरासरी आकडे असे:

२०२४ मध्ये (२४ माग, ४६,००० मीटर)
मजुरी जमा १,९१,३६०
विणकर ६४,४००, जॉबर, कांडीवाली, वहिफणी २२,०००, वीज ४१,०००, सुटे भाग व तेल १४,०००
शिल्लक ४९,९६०

फेब्रुवारी ते एप्रिल २०२५ (१४ माग, २७,००० मीटर)
मजुरी जमा ९८,२८०
विणकर ३७,८००, जॉबर व वहिफणी १२,०००, वीज २२,५००, सुटे भाग व तेल ६,०००
शिल्लक १९,९८०

दुसऱ्या हिशेबात कांडीवाली नाही, कारण फेब्रुवारीपासून कांड्या पत्नीच भरते. शिल्लक हप्त्यापेक्षा ६,७१३ रुपयांनी कमी पडते आणि घरखर्च त्यात धरलेलाच नाही.

१० मेचा हप्ता भरल्यानंतर मुद्दल ७,६६,१६१ रुपये बाकी आहे. माझी विनंती अशी:

१) जून ते नोव्हेंबर २०२५ या सहा महिन्यांत फक्त व्याज घ्यावे, म्हणजे दरमहा ७,६६२ रुपये.
२) डिसेंबर २०२५ पासून ५४ हप्ते करावेत, प्रत्येकी १८,४३१ रुपये. कर्ज मार्च २०२८ ऐवजी मे २०३० मध्ये फिटेल.

व्याजदर आहे तोच राहू द्या. यात माझ्या खिशातून एकूण सुमारे १,३३,७०० रुपये जास्त जातील, हे मी मांडून पाहिले आहे. माफी मागत नाही, नवे कर्जही मागत नाही.

डिसेंबरनंतर पैसे कुठून येणार, हे आपण विचारालच. दुसऱ्या एका व्यापाऱ्याने दिवाळीनंतर आठ मागांना बिमे द्यायचे कबूल केले आहे. शब्द तोंडी आहे, कागद नाही. म्हणून नवा हप्ता नोव्हेंबरपासून न धरता डिसेंबरपासून धरला. २२ माग आणि ४२,००० मीटर धरले, तर आजच्याच ७ पैशांच्या दराने जमा १,५२,८८०, खर्च १,२०,८०० आणि शिल्लक ३२,०८०. हप्ता जाऊन १३,६४९ उरतात. ओढाताण आहे, पण भागेल. ते काम आलेच नाही, तर ऑक्टोबर संपायच्या आत मी स्वतः शाखेत येऊन सांगेन.

बंद माग भंगारात घालून कर्ज हलके करा, असे मला आपल्याच काउंटरवर सुचवले गेले. भंगाराच्या भावाने मुद्दलाचा लहान तुकडाच फिटेल आणि वरचा हिशेब कायमचा १४ मागांवर अडकेल. त्या दहाही मागांना जॉबर दर रविवारी तेल देतो आणि हाताने चाक फिरवून ठेवतो. बीम चढले की त्याच दिवशी ते चालतील. खात्री करायला कधीही या, शेड दोन्ही पाळ्यांना उघडी असते.

अडचणीतल्या सूक्ष्म व लघु उद्योगांसाठी रिझर्व्ह बँकेची मार्च २०१६ ची पुनरुज्जीवन चौकट आहे. तीत कर्जदार स्वतःहून अर्ज करू शकतो. हे पत्र तोच अर्ज समजावे. फेरआखणीने खात्याच्या वर्गवारीवर काय परिणाम होईल, ते मंजुरीआधी मला लेखी कळवावे. १० जूनच्या आत निर्णय झाला नाही, तर त्या तारखेला निदान व्याजाचे ७,६६२ रुपये मी खात्यात जमा करेन.

सोबत उद्यम प्रमाणपत्र, मागील १२ महिन्यांची वीजबिले, चालू खात्याचा उतारा, वहीच्या पानांच्या प्रती आणि थकलेल्या मजुरीची बिले जोडली आहेत.

आपला विश्वासू,
दत्तात्रय शंकर माळी
यंत्रमागधारक, इचलकरंजी