डोक्यापासून पायापर्यंत तपासणी: क्रम आणि नोंद (प्रथम वर्ष, प्रात्यक्षिक)

हात धुवा, पडदा ओढा. रुग्णाचे नाव त्यांच्याच तोंडून ऐका, मनगटपट्टीशी पडताळा आणि काय करणार ते सांगून संमती घ्या. बोलता बोलताच चेहरा, बसण्याची ढब, श्वासाची धाप न्याहाळा. मग टेंपरेचर, पल्स, श्वसन, बीपी, ऑक्सिजन आणि ० ते १० पट्टीवर वेदना. श्वास मोजतोय हे रुग्णाला कळू देऊ नका. कळले की लय बदलते. पल्स अनियमित लागली तर पूर्ण मिनिट मोजा.

शुद्ध पाहताना व्यक्ती, स्थळ, वेळ विचारा. बाहुल्यांचा आकार मिलिमीटरमध्ये लिहा. दोन्ही सारख्या आहेत का, उजेडाने आकुंचन पावतात का तेही. खालच्या पापणीत फिकटपणा, डोळ्यांच्या पांढऱ्या भागात कावीळ शोधा. तोंड, कान, नाक, मानेतल्या गाठी लवकर आटोपतात, पण वगळू नका.

छातीला क्रम ठरलेला: पाहणे, हाताने चाचपणे, बोटांनी ठोकणे, स्टेथोस्कोपने ऐकणे. उजवी-डावी बाजू त्याच पातळीवर ताडून पाहा, पाठीकडूनही. स्टेथोस्कोप गाउनवरून नको, त्वचेवर ठेवा.

पोटाशी आल्यावर मात्र क्रम बदलतो आणि परीक्षेत बहुतेकांची गाडी इथेच घसरते. आधी पाहा, मग ऐका, ठोकणे आणि चाचपणे त्यानंतर. कारण दाबल्याने आतड्यांचे आवाज बदलू शकतात. आवाज नाहीत असे पाच मिनिटे ऐकल्याशिवाय लिहू नका. दुखरा भाग शेवटी.

हातापायांत ताकद, संवेदना, नाड्या, सूज. नख दाबून सोडल्यावर रंग साधारण दोन सेकंदांत परततो का. शेवटी कुशीवर वळवून पाठ, माकडहाड आणि टाचा. पडून असलेल्या रुग्णाच्या दाबजखमा इथेच सुरू होतात. पांघरूण न उचलता "त्वचा ठीक" लिहिणे म्हणजे खोटी नोंद.

नोंदीत "नॉर्मल", "बरे वाटते" असले शब्द टाळा. जे दिसले, ऐकले, मोजले ते लिहा. रुग्णाचे म्हणणे अवतरणात द्या. सरावासाठी खाट क्र. ७, वय ६२, धाप लागते म्हणून दाखल झालेल्या बाईंची नोंद:

"स. ९.१०. पूर्ण शुद्धीत, व्यक्ती, स्थळ, वेळ बरोबर सांगतात. 'रात्री आडवे पडवत नाही.' टेंप. ३६.८ अंश से., पल्स ९६ नियमित, श्वसन २४, बीपी १४८/८८, ऑक्सिजन ९२ टक्के (बाहेरून ऑक्सिजन नाही), वेदना ०. बाहुल्या ३ मिमी, समान, उजेडाला प्रतिसाद. दोन्ही फुफ्फुसांच्या तळाशी बारीक क्रॅकल्स. पोट मऊ, दुखरे नाही, आतड्यांचे आवाज चारही भागांत. दोन्ही घोट्यांवर सूज, दाबल्यावर खड्डा २+. माकडहाडावर २ × २ सेंमी लाली, दाबल्यावर फिकी होत नाही, त्वचा अखंड. स. ९.२० ला प्रभारी सिस्टरांना कळवले. डाव्या कुशीवर, डोक्याची बाजू उंच ठेवली."

खाली सही, पूर्ण नाव, वर्ग. चूक झाली तर एकच रेघ मारून सही करा, व्हाइटनर नको.