मेलबर्नच्या मांडवातले आवाहन

नमन तुला गौरीनंदना,
यारेकाठच्या मराठी जनांना
तिथी साधली नाही पुन्हा,
क्षमा कर.

चतुर्थी झाली बुधवारी,
सुट्टी कुणाला होती तरी?
आज शनिवारची हजेरी
मान्य कर.

हॉल मिळाला शाळेचा,
खाली पट्टा बास्केटबॉलचा,
चौरंग कुणाच्या आजीचा
मांडियेला.

भाद्रपद इथे उलटा येतो,
थंडीचा जोर ओसरू लागतो,
वॅटल पिवळा फुलून जातो
रस्त्याकाठी.

नाही पागोळ्यांची ओळ,
ना तेरडा, ना कर्दळ,
तरी नाकात दरवळ
ओल्या मातीचा.

दुर्वा मात्र मिळते खरी,
'काउच' म्हणती इथली सारी,
उगवते कुंपणाशेजारी
तण म्हणून.

लोक उपटून टाकू पाहती,
आमची पोरे जुड्या बांधती,
एकवीस एकवीस मोजती
इंग्रजीतून.

आईने दिली पत्री बांधून,
विमानतळी घेतली काढून,
आलो, बाप्पा, रिकामे होऊन
तुझ्यापाशी.

मूर्ती घडली गराजात,
कुंभारी माती, सोळा हात,
वाळताना मोडला एक दात,
बरेच झाले.

उकड काढली ऐन वेळ,
फ्रीझरमधला खवला नारळ,
कळ्या पाडता नऊच सरळ
आल्या कशाबशा.

पहिला फुटला, दुसरा फुटला,
तिसऱ्याने मग धीर दिला,
तोच नैवेद्याला काढला
केळीच्या पानी.

कापूर मात्र जपून लावू,
छताचा भोंगा लागेल गाऊ,
धूप जरा बाहेर नेऊ,
राग नको.

'संकटी' की 'संकष्टी' पावावे,
यावर मोठ्यांनी भांडावे,
पोरांनी तोवर शिकावे
टाळ धरणे.

इथे दुपारचे बारा होती,
तिथे साडेसात वाजती,
आईचे हात वाती वळती
देवघरात.

फोन तांब्याला टेकवते,
अर्धे कपाळ तिचे दिसते,
'दिसतो का रे?' विचारते,
'बाप्पा आपला?'

'दिसतो,' म्हणतो मी मोठ्याने,
खरे तर पंखा फिरे वेगाने,
आरती तुटे नेटवर्काने
'जय देव'ला.

अडली तरी ती थांबत नाही,
टाळ वाजवत पुढेच जाई,
इथे मी मागेच राही
कडवेभर.

तू गिरगावच्या चाळीत,
कोकणातल्या पडवीत,
आणि या शाळेच्या हॉलात
एकाच वेळी.

आम्हां ती कला येत नाही,
इथून निघता निघत नाही,
तिथे गेलो की लागत नाही
झोप वेळेवर.

म्हणून मागणे एकच आता,
इथला नैवेद्य घेता घेता
तिकडे जरा डोकाव जाता
आईपाशी.

गुडघा तिचा झाला अवघड,
फोनवर सांगत नाही धड,
पाट उचलाया लागे जड,
हात दे तू.

गौरीजेवणाची पुरणपोळी
लाटील एकटी सकाळी,
एक पान वाढील त्या वेळी
माझेही.

ते पान, बाप्पा, लाग जेवू,
शितही मागे नको ठेवू,
माझ्या वाटचा ढेकर देऊ
विसरू नको.

पाचला हॉलची किल्ली द्यायची,
बादलीत उद्या बोळवण व्हायची,
तोवर जागा ही तुझी बसायची,
ये, गणराया.

समई लावली, झांज उचलली,
उशिराची मंडळी बूट काढून बसली,
तिकडून आईची रिंग आली,
बोला, मोरया!