पाठ टाचण : पचनसंस्था आणि अन्नाचा मार्ग

इयत्ता सातवी, सामान्य विज्ञान. जोड तासिका, 70 मिनिटे. मालवण तालुक्यातील किनाऱ्यालगतच्या शाळेचा वर्ग. 28 विद्यार्थी, चौघांचा एक याप्रमाणे सात गट.

अपेक्षित निष्पत्ती : अन्न ज्या इंद्रियांतून प्रत्यक्ष जाते ती इंद्रिये विद्यार्थी योग्य क्रमाने मांडतील आणि जी इंद्रिये केवळ पाचकरस पुरवतात ती त्या क्रमातून वेगळी काढतील. पाठाचा खरा भर दुसऱ्या भागावर आहे, कारण नावे पाठ असलेली मुलेही जठरानंतर बिनदिक्कत यकृत लिहितात.

साहित्य : जुन्या सायकलीच्या ट्यूबचा 25 सेंमी लांबीचा तुकडा, एक सोललेली सुपारी, खोबरेल तेल, झिपची प्लास्टिक पिशवी, होडीला वापरतात त्या नायलॉन दोरीचे 6 मीटर, त्याहून जाड दोरीचे दीड मीटर, झाकणाच्या दोन पारदर्शक बाटल्या, भांडी घासण्याचा द्रवसाबण, पिवळा दोरा, मीठ न घातलेला मऊ भात आणि प्रत्येक गटासाठी अकरा कार्डांचा संच. सर्व कार्डे एकाच रंगाची ठेवावीत. ग्रंथींना वेगळा रंग दिल्यास उत्तर आपणच सांगितल्यासारखे होते.

सुरुवात : प्रत्येकाने भाताचा एक घास न गिळता मिनिटभर चावावा. चव किंचित गोडसर होत जाते. लाळेतील विकर भातातील पिष्टाचे माल्टोज या शर्करेत रूपांतर करू लागते. पचन पोटात सुरू होते, असे म्हणणाऱ्यांना याहून नेमके उत्तर नाही.

प्रतिकृती : ट्यूबला आतून खोबरेल तेल लावून सुपारी आत सोडावी आणि तिच्या मागची बाजू चिमटीने दाबत तिला पुढे सरकवावे. नंतर ट्यूब उभी धरून सुपारी खालून वर न्यायला सांगावे. ती वर जाते, म्हणजे अन्ननलिकेत घास केवळ वजनाने खाली पडत नाही, तर स्नायूंच्या आकुंचन-प्रसरणाची लाट त्याला ढकलते, हे मुलांच्या बोटांनाच कळते.

उरलेला भात आणि थोडा लिंबाचा रस पिशवीत घालून ती दोन मिनिटे चोळावी. जठरात अन्न असेच घुसळले जाते, मात्र तेथील आम्ल हायड्रोक्लोरिक असून प्रथिनांचे पचन पेप्सिनमुळे सुरू होते. पुढे लहान आतड्याची दोरी गुंडाळी करूनच दाखवावी, लांबीचा अंदाज फळ्यावर लिहून घ्यावा आणि मगच ती पडवीत ताणून मोजावी. बहुतेक अंदाज मोठ्या आतड्याकडे झुकतात. ‘लहान’ आणि ‘मोठे’ ही विशेषणे लांबीची नसून रुंदीची आहेत, हे दोन्ही दोऱ्या शेजारी ठेवल्यावर वेगळे सांगावे लागत नाही.

पित्ताचे कार्य : दोन्ही बाटल्यांत कोमट पाणी आणि चमचाभर खोबरेल घालावे (थंडीच्या सकाळी तेल गोठलेले असते, म्हणून पाणी कोमटच हवे), एकीत साबणाचे थेंब टाकावेत आणि दोन्ही हलवाव्यात. साबणाच्या बाटलीत तेलाचे बारीक कण होऊन पाणी दुधाळ दिसते, दुसरीत तेल लवकरच वर तरंगते. बांगड्याच्या कालवणातील मेदावर पित्तरस असेच काम करतो; त्यात विकर नसते, पण मेदाचे कण लहान केल्यामुळे स्वादुपिंडातील लायपेजला ते पचवणे सोपे जाते.

कार्डांचा क्रम : गटांना कार्डे मिसळून द्यावीत आणि दहा मिनिटे काहीही सुचवू नये. सरळ रांगेत मुख, ग्रसनी, अन्ननलिका, जठर, लहान आतडे, मोठे आतडे, गुदद्वार ही सात कार्डे यायला हवीत. लाळग्रंथी, यकृत, पित्ताशय आणि स्वादुपिंड ही उरलेली चार रांगेत घुसवली गेली असल्यास दुरुस्त न करता एवढेच विचारावे : “बांगड्याचा तुकडा यकृतातून गेला, तर तो आत कुठून शिरला आणि बाहेर कुठून पडला?” वाद होऊ द्यावा. त्यानंतर ही चार कार्डे बाजूला ठेवून पिवळ्या दोऱ्याने जोडावीत : लाळग्रंथी मुखाला, यकृत पित्ताशयाला आणि पित्ताशय लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाला, स्वादुपिंडही त्याच भागाला.

एखादा विद्यार्थी रक्ताचा प्रश्न काढतोच. लहान आतड्यात शोषलेली शर्करा आणि अमिनो आम्ले रक्तावाटे यकृताकडे जातात, हे मान्य करावे. मात्र तो पचलेल्या पोषकद्रव्यांचा प्रवास आहे, घासाचा नव्हे, हा भेद फळ्यावर दोन रंगांच्या बाणांनी दाखवावा. मोठ्या आतड्यासाठी पाणी व क्षार शोषले जातात एवढे पुरेसे आहे.

मूल्यमापन : प्रत्येक गटाने एक कार्ड उलटे ठेवून शेजारच्या गटाला ते ओळखायला सांगावे आणि ते इंद्रिय काम करेनासे झाले तर भात, बांगडा आणि खोबरे यांपैकी कशाच्या पचनात अडथळा येईल, हे कारणासह विचारावे. स्वादुपिंडाचे कार्ड एका गटाला मुद्दाम द्यावे, कारण त्याचा रस तिन्हींवर काम करतो.

गृहपाठ : रात्रीच्या जेवणातील एक पदार्थ निवडून त्याचे पचन कोठे सुरू होते आणि कोठे पूर्ण होते ते चार ओळींत लिहावे. वह्या गोळा करताना कार्डांचे संच मोजून घ्यावेत. पित्ताशयाचे कार्ड सर्वांत छोटे असल्याने तेच हरवते.