तीन श्लोकांचे संधिविग्रह

चि. सई हिस अनेक आशीर्वाद.

तू ग्वाल्हेरहून पाठविलेला पाठ्यपुस्तकाच्या पानाचा फोटो मिळाला. पान शिवणीकडे वळलेले असल्यामुळे तिसऱ्या श्लोकाच्या शेवटच्या चरणातील दोन अक्षरे दिसत नाहीत, तरी तिन्ही श्लोक मला वाचता आले. इथे इंदुरात आम्ही शाळेत हिंदीतून संस्कृत शिकलो आणि घरी मराठीतून समजून घेतले, त्यामुळे तुझा घोटाळा कुठे होतो ते मला ठाऊक आहे. तुझ्या पुस्तकात संधीला ‘विच्छेद’ आणि समासाला ‘विग्रह’ म्हटलेले असते, पण आपण मराठीत दोहोंनाही विग्रहच म्हणतो. म्हणून तू समास दिसला तरी तो संधीसारखा तोडायला जातेस. संधीत नेहमी एखादा वर्ण बदललेला असतो. तो कोणता, हे सांगता आले नाही तर तिथे तोडू नये.

पहिला श्लोक असा आहे:

विद्या ददाति विनयं विनयाद्याति पात्रताम् ।
पात्रत्वाद्धनमाप्नोति धनाद्धर्मं ततः सुखम् ॥

‘विनयाद्याति’ म्हणजे विनयात् + याति. ‘पात्रत्वाद्धनम्’ म्हणजे पात्रत्वात् + धनम्, आणि ‘धनाद्धर्मम्’ म्हणजे धनात् + धर्मम्. तिन्ही ठिकाणी पदाच्या शेवटच्या त् चा द् झाला आहे. याला जश्त्व म्हणतात. तू ‘पात्रत्वा + धनम्’ असे लिहिलेस, कारण जोडाक्षरातला अर्धा द् तुझ्या नजरेतून सुटला. पण तो सुटला की पंचमी विभक्तीही जाते आणि ‘पात्रतेमुळे’ हा अर्थच उरत नाही. ‘धनमाप्नोति’ येथे मात्र काहीही बदललेले नाही, धनम् मधला म् पुढच्या आ ला जोडून लिहिला आहे इतकेच. अर्थ: विद्या विनय देते, विनयामुळे माणूस पात्रतेला पोहोचतो, पात्रतेमुळे त्याला धन मिळते, धनातून धर्म घडतो आणि त्यातून सुख लाभते.

दुसरा श्लोक:

अयं निजः परो वेति गणना लघुचेतसाम् ।
उदारचरितानां तु वसुधैव कुटुम्बकम् ॥

येथे ‘परो वेति’ यात परः + वा + इति अशी तीन पदे आहेत. विसर्गाआधी अ आणि पुढे व हे मृदू व्यंजन असल्यामुळे विसर्गाचा ओ झाला. पुढे आ + इ मिळून ए झाला, हा गुणसंधी. फोटो अंधूक असल्याने तू ते ‘वेत्ति’, म्हणजे ‘जाणतो’, असे वाचलेस, परंतु छापलेला त एकेरी आहे, आणि ‘वेत्ति’ घेतल्यास ‘गणना’ या शब्दाशी वाक्य जुळत नाही. ‘वसुधैव’ म्हणजे वसुधा + एव, आ + ए = ऐ, हा वृद्धिसंधी; मराठीतले ‘सदैव’ याच रीतीने झाले आहे. ‘लघुचेतसाम्’ आणि ‘उदारचरितानाम्’ हे समास आहेत, तिथे संधी शोधू नकोस. लघु चेतः येषां ते, आणि उदारं चरितं येषां ते, असे त्यांचे विग्रह होतात, दोन्ही बहुव्रीहि. अर्थ: हा आपला की परका, असा हिशेब कोत्या मनाचे लोक करतात, ज्यांचे आचरण उदार आहे त्यांना सारी पृथ्वीच कुटुंब असते.

तिसरा श्लोक सर्वांत अवघड आणि मला सर्वांत आवडता:

आलस्यं हि मनुष्याणां शरीरस्थो महान् रिपुः ।
नास्त्युद्यमसमो बन्धुः कृत्वा यं नावसीदति ॥

शिवणीत लपलेली अक्षरे ‘वसी’ आहेत. अनुष्टुभात प्रत्येक चरणाची 8 अक्षरे असतात आणि फोटोत 6 च दिसतात, त्यावरून दोन हरवली हे तुलाही मोजून काढता येईल. ‘शरीरस्थो महान्’ म्हणजे शरीरस्थः + महान्. ‘नास्त्युद्यमसमो बन्धुः’ याचा विग्रह न + अस्ति + उद्यमसमः + बन्धुः असा चार पदांत करावा: अ + अ = आ हा दीर्घसंधी, इ पुढे उ आल्याने य् हा यण् संधी, आणि शेवटी पुन्हा विसर्गाचा ओ. ‘उद्यमसम’ मात्र समास, उद्यमेन समः, तृतीया तत्पुरुष. ‘नावसीदति’ ऐकताच आपल्याला नाव आठवते, पण संस्कृतात होडीला ‘नौ’ म्हणतात. येथे न + अवसीदति, म्हणजे ‘खचत नाही’. अर्थ: आळस हा माणसाच्या शरीरातच राहणारा मोठा शत्रू आहे, उद्योगासारखा दुसरा बंधू नाही, त्याला धरले की माणूस खचत नाही.

उत्तरपत्रिकेत संधींची नावे पुस्तकातलीच लिही. यणादेश, वृद्ध्यादेश ही मराठी व्याकरणातली नावे तिथे नकोत. ‘तस्मात्तदेव’ एवढे एक पद स्वतः सोडवून, कोणता वर्ण कुठे बदलला त्यासह, मला आज रात्री पाठव.

तुझी आत्या